मावशी, यंदा तुमचा एक पगार बोनस आहे

दसरा झाला की धुणंभांडी, केर-फरशी करणाऱ्या बायकांचा मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. कोणत्या घरातून किती येईल, त्यात पोरांचे कपडे, किराणा आणि गावी जायचं भाडं बसेल का? चारही घरांतून "बघू, देऊ काहीतरी" एवढंच ऐकायला मिळालं, तर हा हिशेब लागत नाही. म्हणून बोनस दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, आकड्यासकट सांगावा.

मराठीत यासाठी जुना शब्द आहे, पोस्त. दिवाळीची पोस्त म्हणजे मालकाने खुशीने दिलेलं. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे त्या शब्दातच आहे. बोनस या शब्दाला कामगाराच्या हक्काचा वास आहे. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन कारखान्यांतल्या कामगारांसाठी वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के बोनस ठरला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, अर्थात एक महिन्याचा पगार. घरकामाला तो कायदा लागू झाला नाही, पण अनेक घरांत दिवाळीला एक पगार देण्याची रीत आहे आणि ती या हिशेबाशी तंतोतंत जुळते. त्यामुळे मी पोस्त, बक्षीस, मदत हे तिन्ही शब्द टाळते आणि बोनसच म्हणते.

वाक्य साधं असावं: "मावशी, यंदा दिवाळीला तुमचा एक पगार बोनस आहे, तीन हजार रुपये. वसुबारसेच्या आठ दिवस आधी देते, चालेल ना?" यात रक्कम आहे, दिवस आहे आणि तिला आपली अडचण सांगायला जागा आहे. "तुमचा बोनस आहे" आणि "आम्ही तुम्हाला देणार आहोत" यांतला फरक कानाला लगेच कळतो. एरवी अगं-तुगं करणाऱ्या घरांनीही हे बोलताना अहो-जाहो करून पाहावं. पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. स्वयंपाकघरात, दोघीच असताना बोलावं. सर्वांत वाईट शेपूट म्हणजे "एवढं देतोय, तर दिवाळीत खाडा करू नका." बोनस झालेल्या कामाचा असतो. दिवाळीतल्या सुट्ट्यांचं बोलणं दुसऱ्या दिवशी, वेगळं करावं.

गाडी अडते ती बाई नवी असली किंवा तिने उचल घेतलेली असली की. समजा, ताई जूनपासून कामाला आहेत, पगार तीन हजार आणि चार हजारांच्या उचलीचा दरमहा पाचशेचा हप्ता चालू आहे. पाकिटात न बोलता साडेसातशे ठेवले, तर त्यांना वाटणार की आपलं काहीतरी चुकलं. हिशेब बोलून दाखवावा: "ताई, जून ते ऑक्टोबर तुमचे पाच महिने झाले. एका महिन्याचे अडीचशे धरले, तर साडेबाराशे होतात. उचलीचा हप्ता नेहमीसारखा पगारातूनच वळता करू, बोनसमधून काही कापणार नाही." शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण उचल घेतलेल्या बाईला नेमकी हीच धास्ती असते आणि ती विचारत नाही.

साडी द्यायची असेल तर ती बोनसच्या बदल्यात नको. शिवाय लक्ष्मीपूजनाला दिलेली साडी त्या दिवाळीत नेसता येत नाही. फॉल-पिको व्हायचं असतं, आणि ब्लाउज शिवणारी बाई दिवाळीच्या कितीतरी आधीच नवी कामं घेणं बंद करते. "साडी आणू की त्याचे पैसे देऊ? आणायची तर रंग कोणता?" असं आधीच विचारावं. फराळाचा डबा मात्र न विचारता द्यावा, आणि ताजा द्यावा. भाऊबीजेनंतर उरलेला चिवडा बांधून दिला की त्याला फराळ म्हणता येत नाही.

सगळ्यांची मोठी खरेदी दिवाळीलाच होते असंही नाही. कुणाच्या घरी ती ईदला होते, कुणाकडे नाताळला, बौद्ध घरांत १४ एप्रिलला. कामावर ठेवतानाच "बोनस कोणत्या सणाला हवा?" असं विचारलं की अंदाज बांधावे लागत नाहीत.

पैसे मोबाइलवरून पाठवणार असाल तर एक प्रश्न आधी विचारा: "हा नंबर कुणाच्या खात्याला जोडलाय?" पुष्कळदा तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याला जोडलेला असतो, आणि पैसे बाईच्या हाती येतच नाहीत. तिने रोख मागितले तर रोखच द्या, पाकिटावर तिचं नाव लिहून.