मसुदा मुरू द्या

दिवाळी अंकांसाठी लेख मागवायला सुरुवात झाली की आपल्यापैकी बरेचजण शेवटच्या रात्री लिहितात आणि लगेच पाठवून देतात. मीही तेच करायचो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि त्यांच्यावर लिहायला बसलो, तेव्हा मात्र मसुदा जुलैतच लिहून बाजूला ठेवला. स्टीफन किंग यांनी २००० साली आलेल्या आपल्या लेखनविषयक पुस्तकात किमान सहा आठवडे थांबायला सांगितलंय. ते कादंबरीबद्दल आहे, पण मी तेवढेच थांबलो.

आपण नुकतंच लिहिलेलं वाचतो, तेव्हा कागदावर नसलेलंही मन भरून काढतं. सहा आठवड्यांत ते थोडं विसरायला होतं, आणि मग भोकं दिसायला लागतात.

सप्टेंबरात मसुदा कागदावर छापला. स्क्रीनवर वाचायला घेतलं असतं तर हात लगेच दुरुस्तीकडे गेला असता. वाचणारा म्हणून एक नेमका माणूस डोळ्यांसमोर ठेवला: शेजारची, इथेच वाढलेली, वाई कधी न पाहिलेली मराठी मुलगी. एका बैठकीत, मोठ्यानं वाचलं. अडखळलो तिथे फक्त पेन्सिलीची रेघ, दुरुस्ती नाही.

पहिल्याच पानावर कळलं की मी बाबांना कुठे 'बाबा', कुठे 'आप्पा', तर कुठे 'सर' म्हटलं होतं. त्या मुलीला ही तीन माणसं वाटली असती. पुढे एक वाक्य होतं: 'बाबा स्टेअरिंग लेकला फिरून आले, आणि आई रडत होती.' का रडत होती? मला ठाऊक होतं. जानेवारी होता, बाहेर उणे वीस, बाबांचा फोन टेबलावरच राहिलेला, आणि ते गोठलेल्या तळ्यावर चालायला जातील अशी आईला भीती. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं! उलट व्हिसाच्या मुलाखतीला मात्र सव्वा पान दिलेलं. मोठ्यानं वाचताना तिथे माझाच आवाज घाईला आला. ते अख्खं गेलं.

यात एक धोका आहे. अनोळखी होऊन वाचताना सगळंच समजावून सांगायचा मोह होतो. 'आईनं दृष्ट काढली' यापुढे मी चार ओळींचा खुलासा लिहिला, आणि पुन्हा वाचताना तो खोडला. आई मीठ-मोहरी ओवाळते आहे एवढं दिसलं की त्या मुलीला पुरे. आणि फार महिने ठेवलं तर आपणच बदलतो. मग दुरुस्ती होत नाही, नवाच लेख होतो.

मसुदा ठेवताना मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, 'हा लेख बाबांच्या हट्टाबद्दल आहे.' सगळ्या रेघा मोजल्या, तर निम्म्याहून जास्त आईच्या वाक्यांपाशी होत्या. लेख आता खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईपासून सुरू होतो. अंकात जाण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "अरे, मी टोपी पण शोधत होते त्यांची, ते घाल."