पैसे सोडण्याआधी चार ओळी

स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, फक्त संदेश जातो. पैशांची हालचाल होते ती बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांमध्ये, आणि ती या संदेशात लिहिलेल्या सूचनेबरहुकूम होते. म्हणून बँकेत एक जण संदेश तयार करतो आणि दुसरा तो तपासून सोडतो. या दुसऱ्या माणसाने काय वाचायचे असते, हे परदेशी माल मागवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखानदाराने इटलीहून सुटे भाग मागवले, असे समजू. बिल ४८,५०० युरोचे. करारात लिहिले आहे की विक्रेत्याला पूर्ण रक्कम मिळावी, तीही २१ एप्रिल २०२५ पर्यंत. १६ एप्रिलला बँकेत तयार झालेल्या एमटी १०३ संदेशातल्या कामाच्या ओळी अशा (बँकेचा कोड काल्पनिक आहे):

```
:32A:250421EUR48500,00
:33B:EUR48500,00
:57A:ABCDDEFF
:59:/IT60X0542811101000000123456
:71A:SHA
```

वरवर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात यात तीन चुका आहेत.

पहिली 57A मध्ये, म्हणजे लाभार्थीच्या बँकेच्या कोडात. या कोडाची पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची; शाखेसाठी आणखी तीन असू शकतात. इथे पाचवे-सहावे अक्षर DE, म्हणजे जर्मनी. खालच्या ओळीतला खातेक्रमांक मात्र IT ने, म्हणजे इटलीने सुरू होतो. बँक तीच, पण यादीतून मिलानऐवजी फ्रँकफर्टचे कार्यालय निवडले गेले. नोंदणीतच नसलेला कोड यंत्रणा परत पाठवते. चुकीचा पण खरा असलेला कोड मात्र निमूटपणे पुढे जातो. ही दोन अक्षरे जुळवून पाहायला क्षणभर पुरतो. विक्रेत्याच्या नावाने आलेल्या ई-मेलवरून बँकेचा तपशील अचानक बदलला असेल, तर केवळ अक्षरे जुळणे पुरेसे नाही. अशा वेळी आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर विक्रेत्याला फोन करून खात्री करावी.

रक्कम इथे बरोबर आहे, पण ती वाचण्याची रीत वेगळी. या संदेशात स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. हजारांसाठी कुठलीच खूण नसते. त्यामुळे एखादे शून्य जास्त पडले तर ते नजरेतून सहज सुटते. रक्कम पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीशी नव्हे, तर हातातल्या बिलाशी ताडावी. 33B ही ग्राहकाने सांगितलेली रक्कम आणि 32A ही बँकांमध्ये चुकती होणारी. दोन्हींचे चलन एकच असून आकड्यांत फरक असेल, तर वाटेत शुल्क कापले गेले आहे असे समजावे.

शुल्काचा हा निर्णय 71A मध्ये असतो, आणि माझ्या मते सर्वाधिक हयगय याच ओळीबाबत होते. OUR म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याचे, BEN म्हणजे सगळे घेणाऱ्याचे. SHA मध्ये पाठवणारा आपल्या बँकेचे शुल्क देतो, पुढचे सारे घेणाऱ्याच्या माथी. आपल्या उदाहरणात मधल्या बँकेने २० युरो कापले, तर विक्रेत्याला ४८,४८० मिळतील आणि त्याच्या वहीत बिल अपुरे राहील. करार पूर्ण रकमेचा असल्याने इथे OUR हवे होते. अर्थात OUR लिहूनही एखादी बँक वाटेत कापून घेते. तेव्हा निदान तक्रार करायला आधार राहतो.

तिसरी चूक तारखेत. 250421 म्हणजे २१ एप्रिल २०२५, सोमवार. मुंबईत त्या दिवशी बँका चालू होत्या, पण तो ईस्टर मंडे. युरोचे व्यवहार चुकते करणारी युरोपीय यंत्रणा बंद. शुक्रवारी गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार. म्हणजे पैसे २२ तारखेशिवाय पोचणार नाहीत आणि मुदत हुकेल. मुदत पाळायची तर मूल्य-तारीख १७ एप्रिल हवी. त्यासाठी विदेशी चलन विभागाकडून दर नव्याने घ्यावा लागेल, म्हणून हे आदल्या दिवशीच लक्षात यायला हवे. सुट्ट्यांची यादी पाहायची ती चलनाच्या देशाची, आपल्या शहराची नव्हे.

नोव्हेंबर २०२५ पासून परदेशी भरण्यांसाठी pacs.008 ही नवी रचना बंधनकारक झाली. तिथे SHA ऐवजी SHAR, OUR ऐवजी DEBT आणि BEN ऐवजी CRED दिसते, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी पूर्ण लिहिली जाते आणि दशांशासाठी टिंब येते. तपासायच्या गोष्टी मात्र याच चार.

संदेश सुटल्यावर तो मागे घेण्याची विनंती करता येते, पण पैसे लाभार्थीच्या खात्यात जमा झाले असतील तर बहुधा त्याच्या संमतीशिवाय ते परत येत नाहीत. म्हणून बँकेला अर्ज देतानाच खातेक्रमांक, बँकेचा कोड, शुल्क कोणाचे आणि पैसे कोणत्या तारखेला पोचायला हवेत, हे स्वतःच्या हाताने लिहा, आणि सोडण्यापूर्वी मसुदा दाखवायला सांगा.