फिल्टर रिकामा का येतो? ‘किंवा’च्या जागी बसलेला गुणाकार

लेखमाला : हिशेबाची वही, संगणकावर (भाग ७)

मागच्या भागात `FILTER` एकाच अटीवर चालवून पाहिले. आज अनेक अटी आणि त्यांत ‘हे किंवा ते’ आले की काय होते ते पाहू. ज्या चुकीमुळे यादी रिकामी येते ती ओळखायला सोपी असते. ती दुरुस्त करताना होणारी दुसरी चूक मात्र दिसत नाही, आणि पैशाच्या हिशेबात जास्त नुकसान तीच करते.

उदाहरण कन्नड तालुक्यातील पिशोर आणि आसपासच्या गावांचे घेऊ. या पट्ट्यात अद्रक, मका आणि कापूस ही नेहमीची पिके. माल घेणाऱ्याच्या वहीत कोणत्या गावचा, कोणता, किती क्विंटल माल आला आणि पैसे चुकते झाले की बाकी आहेत, एवढे लिहिलेले असते. खालच्या नोंदी नमुन्यादाखल आहेत. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून नोंदी 2 ते 9 या ओळींत आहेत.

| ओळ | A गाव | B माल | C क्विंटल | D पैसे |
|---|---|---|---|---|
| 2 | पिशोर | अद्रक | 12 | बाकी |
| 3 | नाचनवेल | मका | 30 | चुकते |
| 4 | करंजखेड | अद्रक | 8 | बाकी |
| 5 | पिशोर | कापूस | 15 | बाकी |
| 6 | नाचनवेल | अद्रक | 10 | बाकी |
| 7 | पिशोर | मका | 25 | बाकी |
| 8 | भारंबा | मका | 40 | चुकते |
| 9 | करंजखेड | कापूस | 18 | चुकते |

प्रश्न असा : पिशोर आणि नाचनवेल या दोन गावांचा अद्रक आणि मका, ज्याचे पैसे अजून द्यायचे आहेत, तेवढा दाखवा. वहीवर बोट ठेवून पाहिले तर उत्तर 2, 6 आणि 7 या तीन ओळी. एकूण 47 क्विंटल. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचे प्रत्येक सूत्र याच आकड्यावर तपासायचे आहे.

रिकामी यादी

बहुतेक जण पहिल्यांदा लिहितात ते सूत्र असे :

```
=FILTER(A2:D9,(B2:B9="अद्रक")*(B2:B9="मका")*(A2:A9="पिशोर")*(A2:A9="नाचनवेल")*(D2:D9="बाकी"))
```

एक्सेलमध्ये `#CALC!` येते, गुगल शीट्समध्ये `#N/A`. दोन्हींचा अर्थ एकच : एकही ओळ बसली नाही.

आत काय घडले ते पाहू. `B2:B9="अद्रक"` ही अट प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे विचारली जाते आणि उत्तरात आठ खरे-खोटे मिळतात. त्यांवर गणित करायला लागलो की खरे म्हणजे 1 आणि खोटे म्हणजे 0. ओळ 2 अद्रकाची आहे, म्हणून पहिल्या अटीला 1. पण तीच ओळ मक्याची नाही, म्हणून दुसऱ्या अटीला 0. गुणाकार 0, ओळ बाहेर. मक्याच्या ओळींचे उलट, तरीही 0. कापसाच्या ओळींना दोन्हीकडे 0. एका कप्प्यात एकाच मालाचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे तो कप्पा एकाच वेळी अद्रक आणि मका असू शकत नाही. नोंदी आठ असोत की आठ हजार, हा गुणाकार नेहमी शून्यच येणार.

चूक बोलण्याच्या सवयीतून येते. प्रश्न विचारताना आपण ‘अद्रक आणि मका दाखवा’ म्हणतो. दोन्ही प्रकारच्या ओळी हव्यात, असा त्याचा अर्थ. संगणक मात्र एकेक ओळ हातात घेऊन विचारतो, आणि एका ओळीपुरता प्रश्न ‘अद्रक आहे किंवा मका आहे’ असाच असतो. म्हणून सूत्र लिहिण्याआधी प्रश्न एका ओळीच्या बाजूने मांडावा : ही ओळ ठेवायची कधी? माल अद्रक किंवा मका असेल, आणि गाव पिशोर किंवा नाचनवेल असेल, आणि पैसे बाकी असतील तेव्हा. यातल्या ‘किंवा’ला बेरीज लागते आणि ‘आणि’ला गुणाकार.

हे गणित इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्कशास्त्रातून आले आहे. 1847 आणि 1854 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनी दोन गुण एकत्र असणे गुणाकाराने आणि दोन गट एकत्र घेणे बेरजेने मांडले. बूल यांची बेरीज एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांसाठी होती. आपले अद्रक आणि मका तसेच गट आहेत : त्यांची बेरीज नीट बसते आणि गुणाकार शून्य होतो.

कंस सुटला की चोरपावलांनी येणारी चूक

कारण कळल्यावर माणूस ‘किंवा’च्या जागी `+` घालतो आणि बाकीचे तसेच ठेवतो :

```
=FILTER(A2:D9,(B2:B9="अद्रक")+(B2:B9="मका")*(A2:A9="पिशोर")+(A2:A9="नाचनवेल")*(D2:D9="बाकी"))
```

आता यादी येते आणि हायसे वाटते. पण ओळी चार आहेत : 2, 4, 6 आणि 7. बेरीज 47 नव्हे, 55 क्विंटल. करंजखेडचा 8 क्विंटल अद्रक आत आला, आणि ते गाव तर आपण मागितलेच नव्हते.

शाळेत शिकलेला नियम इथेही लागू आहे : गुणाकार आधी, बेरीज नंतर. संगणकाने वाचलेला प्रश्न असा : कुठलाही अद्रक, किंवा पिशोरचा मका, किंवा नाचनवेलचा बाकी असलेला कोणताही माल. अद्रकावर ना गावाची अट राहिली ना पैशाची. नमुन्यातले सगळे अद्रक बाकीचे निघाले म्हणून फरक एका ओळीचा दिसला. खऱ्या वहीत पैसे चुकते झालेले अद्रकही या यादीत येईल आणि त्याचे पैसे दुसऱ्यांदा देण्याची वेळ येऊ शकेल. रिकाम्या यादीने निदान थांबवले तरी होते. ही यादी थांबवत नाही.

सगळीकडे `+` घातले तर 9 वी सोडून सातही ओळी येतात, कारण कोणतीही एक अट जुळली की ओळ आत. ती चूक यादीच्या लांबीवरूनच कळते.

बरोबर सूत्र असे :

```
=FILTER(A2:D9,((B2:B9="अद्रक")+(B2:B9="मका"))*((A2:A9="पिशोर")+(A2:A9="नाचनवेल"))*(D2:D9="बाकी"))
```

प्रत्येक ‘किंवा’च्या गटाला बाहेरून एक जादा कंस आहे. ओळ 4 पाहा : मालाच्या गटाला 1, गावाच्या गटाला 0, पैशाला 1, गुणाकार 0, ओळ बाहेर. ओळ 7 ला 1, 1, 1, ओळ आत. तीन ओळी, 47 क्विंटल.

प्रत्येक अटीचा स्वतःचा कंसही सोडू नये. `=` हे चिन्ह `+` च्या नंतर सोडवले जाते. आतले कंस काढले तर संगणक आधी "अद्रक" या शब्दात रकाना मिळवायला जातो आणि `#VALUE!` देतो.

कुठे काय लागू

एकाच रकान्यातले पर्याय बहुधा बेरजेने जोडले जातात आणि वेगवेगळ्या रकान्यांतल्या अटी गुणाकाराने. याला दोन अपवाद आहेत. 10 ते 25 क्विंटलमधल्या ओळी हव्या असतील तर रकाना एकच, पण ओळ दोन्ही मर्यादांत बसायला हवी, म्हणून `(C2:C9>=10)*(C2:C9<=25)`. दुसरा अपवाद नकाराचा. अद्रक आणि मका सोडून बाकीचे हवे असेल तर `(B2:B9<>"अद्रक")*(B2:B9<>"मका")`. इथे `+` घातला तर आठही ओळी येतात, कारण अद्रकाची ओळ ‘मका नाही’ या अटीत बसते आणि मक्याची ओळ ‘अद्रक नाही’ या अटीत.

बेरजेत 2 आले तरी `FILTER` ला अडचण नसते. शून्याखेरीज काहीही त्याला खरेच वाटते. मात्र तीच बेरीज `SUMPRODUCT` मध्ये क्विंटलने गुणली तर दोन्ही अटींत बसणारी ओळ दोनदा मोजली जाते. ‘पिशोरचा किंवा बाकी असलेला’ माल प्रत्यक्षात 70 क्विंटल आहे, पण तसे केल्यास 122 येतो. तिथे बेरजेच्या गटाला `>0` लावून मग गुणावे.

एक्सेल आणि गुगल शीट्स यांत एक फरक आहे. गुगल शीट्समध्ये स्वल्पविराम देऊन पुढची अट लिहिली की ती ‘आणि’ म्हणून जोडली जाते. एक्सेलमध्ये दुसऱ्या स्वल्पविरामानंतरची जागा यादी रिकामी आल्यास काय दाखवायचे यासाठी असते. तिथे दुसरी अट लिहिली तर एक्सेल तक्रार न करता फक्त पहिल्या अटीची यादी देते. `OR(...)` ही इथे उपयोगाचे नाही, कारण ते सगळ्या ओळींचे मिळून एकच खरे-खोटे देते.

रिकामे खरे की चुकीचे?

काही जण एक्सेलमधल्या त्या जागी "बाकी नाही" असे लिहून ठेवतात. सूत्रात चूक असली तरी मग पडद्यावर "बाकी नाही" हेच दिसते आणि देणे राहून जाते. म्हणून सूत्र तपासून होईपर्यंत ती जागा मोकळी ठेवावी.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक अट एकटी मोजा :

```
=SUMPRODUCT((B2:B9="अद्रक")*1)
=SUMPRODUCT((B2:B9="मका")*1)
=SUMPRODUCT((B2:B9="अद्रक")*(B2:B9="मका"))
```

पहिली दोन उत्तरे 3 आणि 3, तिसरे 0. एकेकट्या अटीला ओळी मिळतात आणि जोडल्यावर शून्य येते, म्हणजे दोष जोडणीत आहे. एखादी अट एकटीच शून्य देत असेल तर दोष नोंदीत शोधावा : कुणी ‘अदरक’ लिहिले असेल, किंवा शब्दामागे मोकळी जागा राहिली असेल. अशा वेळी `+` आणि `*` कितीही बदलले तरी काही हाती लागत नाही.

यादी आली म्हणून सूत्र बरोबर ठरत नाही. नको असलेल्या गावाची, चुकत्या पैशाची आणि नको असलेल्या मालाची अशी प्रत्येकी एक ओळ वहीतून निवडा आणि ती यादीतून गळली आहे ना, ते पाहा. या तीन ओळी गळल्या आणि हव्या त्या सगळ्या आल्या, तरच त्या यादीवरून पैसे द्या.

पुढच्या भागात : तारखांच्या अटी आणि दोन तारखांमधल्या नोंदी.