भ्रमणध्वनीवरील विक्रीचित्र : कोणता मजकूर घालावा व कोणता वगळावा

मुरबाड तालुक्यातील धसई हे भाताच्या पट्ट्यातील बाजाराचे गाव होय. डिसेंबर २०१६ मध्ये हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले होते. भ्रमणध्वनीवरून पैसे घेण्याची ओळख या परिसरास तेव्हाच झाली. आता तांदळाची विक्रीही त्याच लहान पडद्यावरून होऊ लागली आहे. पिशवीचे छायाचित्र काढावयाचे, त्यावर माहिती लिहावयाची आणि ते व्हॉट्सॲपवर किंवा ऑनलाइन बाजारात मांडावयाचे, अशी ही रीत आहे. परंतु अशा चित्रांवर पुष्कळदा इतका मजकूर असतो की, कल्याण-डोंबिवलीच्या ग्राहकास त्यातील काहीच वाचता येत नाही. पाच किलोची पिशवी दहा किलोची समजून मागविली जाते, किंवा नवा तांदूळ जुना समजून घेतला जातो. भात चिकट झाला की ग्राहक तुटतो. यास्तव चित्रावर काय लिहावे, याचा निर्णय अगोदर करणे आवश्यक आहे.

जागेचे माप

मजकूर निवडण्यापूर्वी जागा किती आहे हे पाहावे. साधारण भ्रमणध्वनीचा पडदा सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. ऑनलाइन बाजारात एका ओळीत बहुधा दोन वस्तू दिसतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्यास जेमतेम तीन सेंटिमीटर येतात. हाताच्या अंतरावरून सहज वाचावयाचे तर अक्षराची उंची, शिरोरेषेपासून पायापर्यंत, दोन मिलिमीटर तरी असावी. हे माप चित्राच्या रुंदीचा पंधरावा भाग होते. या आकाराची बारा ते चौदा अक्षरेच एका ओळीत मावतात.

देवनागरीस वर वेलांटी व मात्रा, खाली उकार असतात. त्यामुळे दोन ओळींमध्ये अंतर सोडावे लागते आणि प्रत्येक ओळ एकूण चार मिलिमीटर जागा घेते. तीन ओळींस बारा मिलिमीटर लागतात. उरलेले अठरा मिलिमीटर पिशवीच्या व दाण्यांच्या छायाचित्रास हवेतच. सारांश, अशा चित्रावर तीन ओळी मावतात. चौथी ओळ घालावयाची तर अक्षर बारीक करावे लागते.

अक्षर बारीक झाल्यास काय होते, हे धसईच्या नावावरूनच कळते. ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद शिरोरेषेतील एका लहान फटीचा आहे. ती फट भरली की धसईचे ‘घसई’ होते. त्याचप्रमाणे ‘१’ आणि ‘९’ एकसारखे भासतात व अनुस्वार नाहीसा होतो. व्हॉट्सॲपवरून पाठविलेले चित्र सामान्यतः दाबून लहान केले जाते; त्यामुळे अक्षरांच्या कडा आणखी पुसट होतात.

निवडीचे तीन प्रश्न

प्रत्येक माहितीस तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट छायाचित्रातच दिसते काय? दिसत असल्यास ती लिहू नये. ग्राहक घ्यावे की न घ्यावे हे तीवरून ठरवितो काय? ठरवीत नसल्यास ती चित्राबाहेर ठेवावी. हंगामभर ती खरी राहील काय? राहणार नसल्यास ती चित्रावर मुळीच येऊ नये.

उदाहरणार्थ, धसईच्या परिसरातील एखादा महिला बचत गट कोलम तांदूळ पाच किलोच्या पिशवीत विकतो असे समजावे. गटाच्या मनात पुढील गोष्टी आहेत : गटाचे नाव, वाण, वजन, किंमत, जुना तांदूळ, कमी पॉलिश, पांढरा बारीक दाणा, शिजविण्याची रीत, पत्ता, दूरध्वनी, परवाना क्रमांक आणि ‘निसर्गाच्या कुशीतला’ हे शब्द.

पांढरा बारीक दाणा छायाचित्रात दिसतोच. तो लिहिण्याची गरज नाही. ‘निसर्गाच्या कुशीतला’ या शब्दांनी ग्राहकास काहीच कळत नाही. किंमत बदलते, आणि जुने चित्र मात्र हंगाम संपल्यावरही गटागटांतून फिरत राहते; मग जुन्या भावावरून तंटा होतो. म्हणून किंमत चित्राशेजारच्या मजकुरात लिहावी, जेथे ती दुरुस्त करता येते. शिजविण्याची रीत तांदूळ घरी आल्यावर लागते. ती दुसऱ्या चित्रात घालावी.

उरलेल्यांपैकी वाण, वजन, आणि जुना व कमी पॉलिश या गोष्टी छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत व खरेदी त्यांवरच ठरते. नवा तांदूळ शिजून चिकटतो, जुना मोकळा होतो, आणि पिशवी पाहून हे समजत नाही. म्हणून तीन ओळी अशा होतात :

कोलम तांदूळ
निव्वळ ५ किलो
जुना, कमी पॉलिश

कायद्याने द्यावयाची माहिती

निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता ही माहिती वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पिशवीवर व ऑनलाइन विक्रीच्या पानावर द्यावी लागते. अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांकही पिशवीवर हवा. परंतु ती पहिल्या चित्रात कोंबू नये. ती पानावरील लेखी मजकुरात द्यावी आणि पिशवीच्या मागील बाजूचे स्पष्ट छायाचित्र जोडावे. काही ऑनलाइन बाजारांत पहिल्या चित्रावर मजकूर चालतच नाही. तेथे या तीन ओळी दुसऱ्या चित्रावर घ्याव्यात.

नाव लिहिताना एक दक्षता घ्यावी. ‘वाडा कोलम’ या नावास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते वाड्याच्या तांदळाचे आहे. मुरबाडच्या तांदळावर ते लिहू नये. प्रमाणपत्राखेरीज ‘सेंद्रिय’ हा शब्दही घालू नये.

व्हॉट्सॲपसाठी वेगळे चित्र

व्हॉट्सॲपवर चित्र पुढे पाठविताना सोबतचा मजकूर गळून पडू शकतो. मग तांदूळ कोणाचा व मागवावयाचा कोठे, हे कळत नाही. म्हणून तेथील चित्रावर चौथी ओळ घालून गावाचे नाव व दूरध्वनी क्रमांक द्यावा. हे चित्र ऑनलाइन बाजारातील चित्रापेक्षा मोठे दिसते व बोट लावताच पडदाभर उघडते. त्यामुळे चौथी ओळ तेथे वाचता येते. फार उभट चित्र मात्र करू नये. संभाषणात ते वरून-खालून कापलेले दिसते.

अक्षरे पांढऱ्या तांदळावर न लिहिता फिकट रंगाच्या सलग पट्टीवर गडद रंगात लिहावीत. चित्रातील मजकूर शोध घेताना बहुधा सापडत नाही, आणि दृष्टिहीन ग्राहकाचा भ्रमणध्वनी तो नेहमीच वाचून दाखवितो असे नाही. म्हणून त्याच तीन ओळी शेजारी टंकलिखित स्वरूपातही द्याव्यात.

परीक्षा

चित्र तयार झाल्यावर ते दुसऱ्या साध्या भ्रमणध्वनीवर पाठवावे. मग चित्र न उघडता, यादीत दिसते तेवढ्याच आकारात, अंगणातील उन्हात, तांदळाची माहिती नसलेल्या चाळिशीपुढील व्यक्तीस दाखवावे. “तांदूळ कोणता? किती किलो? नवा की जुना?” एवढेच विचारावे. उत्तर अडखळले अथवा चुकले, तर अक्षर आणखी बारीक करून जागा शोधू नये. एक माहिती कमी करावी, उरलेली अक्षरे मोठी करावीत आणि पुन्हा दुसऱ्या व्यक्तीस दाखवावे. तिन्ही उत्तरे न थांबता बरोबर आली म्हणजेच चित्र बाजारात मांडावे.