तीन हजार खोकी की सहा हजार?

पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्याचं दरपत्रक साधारण असं असतं : हजारापेक्षा कमी नग घेतले तर खोक्याला ३० रुपये, हजार ते २,९९९ घेतले तर २९, तीन हजार ते ५,९९९ घेतले तर साडेअठ्ठावीस, आणि सहा हजार किंवा त्याहून जास्त घेतले तर २८ रुपये २५ पैसे. मसाल्याचा छोटा कारखाना चालवणाऱ्या कुणाच्या हातात असं दरपत्रक पडलं, की नजर सरळ शेवटच्या ओळीवर जाते. सगळ्यात स्वस्त भाव तिथे आहे. माल खराब होणारा नाही, आज ना उद्या लागणारच आहे, मग घेऊन टाकू एकदम सहा हजार.

हा निर्णय बरोबर आहे का, ते अर्ध्या तासात कागद-पेन्सिलीनं तपासता येतं. त्यासाठी आपल्या या कारखान्याचे आकडे ठरवून घेऊ. वर्षाला १२ हजार खोकी लागतात, म्हणजे महिन्याला साधारण हजार. प्रत्येक वेळी माल मागवला की टेम्पोचं भाडं, हमाली, माल मोजून घेणं, बिलाची नोंद असं सगळं धरून ६०० रुपये लागतात. पाचशे खोकी मागवा नाहीतर तीन हजार, हे ६०० तेवढेच. खोकी गोडाऊनमध्ये पडून राहतात त्याचाही खर्च आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज १२ टक्के, आणि जागेचं भाडं, ओल, उंदीर, लेबल बदलल्यामुळे वाया जाणारा छापील माल मिळून आणखी ८ टक्के धरू. म्हणजे वर्षभर पडून राहिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांच्या मालामागे २० रुपये जातात.

यातला पहिला खर्च मोठी ऑर्डर दिली की कमी होतो, कारण वर्षातल्या खेपा कमी होतात. दुसरा मोठ्या ऑर्डरनं वाढतो. दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी कुठे होते, याचं गणित फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्यानं १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या मासिकात मांडलं. पुढे आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये त्याचा प्रसार केला आणि सूत्र बरीच वर्षं त्यांच्याच नावानं ओळखलं गेलं. आज त्याला ईओक्यू, म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी म्हणतात. वर्षाची गरज गुणिले एका खेपेचा खर्च, त्याची दुप्पट करायची, एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. एवढंच सूत्र.

२९ रुपयांच्या भावाला एक खोकं वर्षभर ठेवायला ५ रुपये ८० पैसे पडतात. सूत्रात घातलं की उत्तर येतं १,५७६. खोकी पंचवीसच्या गठ्ठ्यात येतात, म्हणून १,५७५ धरू. वर्षभरात साडेसातच्या आसपास खेपा होतात, त्यांचा खर्च ४,५७१ रुपये. गोडाऊनमध्ये सरासरी निम्मा लॉट पडून असतो, कारण भरलेला साठा हळूहळू रिकामा होत जातो. त्या निम्म्या लॉटचा सांभाळखर्च ४,५६८ रुपये. दोन्ही जवळजवळ सारखे येतात, आणि तळ गाठल्याची खूण हीच. खोक्यांची किंमत ३,४८,००० मिळवली की वर्षाचा एकूण खर्च होतो ३,५७,१३९ रुपये.

हॅरिसच्या मूळ गणितात भाव कायम असतो, त्यामुळे मालाची किंमत हिशेबात घेतली नाही तरी चालतं. मागवा कितीही, वर्षाची किंमत तीच. दरपत्रकात पायऱ्या आल्या की हे बदलतं. आता मालाची किंमतसुद्धा ऑर्डरच्या आकारावर ठरते, म्हणून तिन्ही खर्चांची बेरीज प्रत्येक पायरीवर वेगळी करावी लागते.

काम सगळ्यात स्वस्त भावापासून सुरू करायचं. २८.२५ च्या भावाला सूत्र सांगतं १,५९६. पण हा भाव मिळायला सहा हजार घ्यावे लागतात, म्हणजे हा आकडा त्या भावाला लागू नाही. साडेअठ्ठावीसला उत्तर येतं १,५८९, आणि तिथे किमान तीन हजार हवेत. तोही बाद. २९ ला १,५७६ आलं, ते हजार आणि २,९९९ च्या मधे बसतं. इथे थांबायचं. ३० रुपयांकडे बघायचं कारणच नाही, कारण त्याहून स्वस्त भावाचं योग्य उत्तर हातात आलं आहे.

इथे एक गोष्ट डोळ्यात भरते. भाव २९ वरून २८.२५ वर आला तरी सूत्राचं उत्तर जेमतेम वीसनं हललं. भावातला फरक मुळात लहान, आणि वर्गमूळ तो आणखी दाबून टाकतं. म्हणून दरसूट ईओक्यूला मोठा करते असं समजणं चुकीचं आहे. गोडाऊनच्या दृष्टीनं योग्य ऑर्डर सोळाशेच्या आसपासच राहते. प्रश्न उरतो तो एवढाच, की सूट मिळवण्यासाठी त्या आकड्यापासून किती लांब जाणं परवडतं. लांब जायचंच असेल, तर पायरीच्या अगदी पहिल्या नगावर थांबायचं. तीन हजारांची सूट हवी असेल तर साडेतीन हजार मागवण्यात फायदा नाही. भाव तोच राहतो, आणि सोळाशेच्या पलीकडे प्रत्येक जादा गठ्ठ्याबरोबर सांभाळखर्च खेपांच्या बचतीपेक्षा जास्त वाढतो.

आता तीन हजार घेऊन बघू. खोक्यांची किंमत ३,४२,०००. वर्षात चार खेपा, त्याचे २,४००. सरासरी दीड हजार खोकी पडून, प्रत्येकी ५ रुपये ७० पैसे, म्हणजे ८,५५०. एकूण ३,५२,९५० रुपये. आधीपेक्षा ४,१८९ रुपयांनी कमी. सहा हजारांचं काय? किंमत ३,३९,०००, दोन खेपांचे १,२००, आणि सरासरी तीन हजार खोकी पडून असल्याचे १६,९५०. एकूण ३,५७,१५० रुपये.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. सगळ्यात स्वस्त भावाला घेतलेली खोकी, सव्वाअठ्ठावीस रुपयांची, वर्षाअखेर २९ रुपयांच्या खोक्यांपेक्षा ११ रुपयांनी महाग पडली. मालाच्या बिलावर नऊ हजार वाचले आणि ते गोडाऊनमध्ये विरले. फायदा मधल्या पायरीवर आहे.

असं का होतं, हे पायरी-पायरीनं कळतं. सोळाशेवरून तीन हजारांवर गेलं की खेपा आणि सांभाळ मिळून खर्च ९,१३९ वरून १०,९५० होतो, म्हणजे १,८११ वाढले. बदल्यात सूट मिळते सहा हजारांची. ईओक्यूच्या आसपास खर्चाची रेषा बरीच सपाट असते, थोडं लांब गेलं तरी ती फार वसूल करत नाही. तीनावरून सहा हजारांवर जाताना मात्र त्याच खर्चात ७,२०० ची भर पडते आणि नवी सूट फक्त तीन हजारांची असते. दरपत्रकात मात्र दोन्ही पायऱ्या सारख्याच आकर्षक दिसतात.

या हिशेबातला सगळ्यात नाजूक आकडा आहे तो २० टक्के. पुष्कळजण फक्त बँकेचं व्याज धरतात, आणि स्वतःचेच पैसे गुंतले असतील तर तेही धरत नाहीत. म्हणून तो आकडा हलवून बघावा. सांभाळखर्च १० टक्क्यांच्या खाली असेल तरच सहा हजार घेणं तीन हजारांपेक्षा फायद्याचं ठरतं. आपल्या उदाहरणात नुसतं व्याजच १२ टक्के आहे, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटतो. उलट बाजूनं, तीन हजारांचा निर्णय चुकीचा ठरायला सांभाळखर्च सुमारे ३८ टक्क्यांपर्यंत जावा लागेल. म्हणजे आपला अंदाज बराच चुकला तरी तीन हजार टिकून राहतं. आकडे नक्की माहीत नसतात तेव्हा असा पट्टा माहीत असणं मला नेमक्या उत्तरापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पट्ट्यात न मावणाऱ्याही काही गोष्टी आहेत. जूनमध्ये आलेली सहा हजार खोकी नोव्हेंबरअखेरपर्यंत पुरतात, म्हणजे अख्खा पावसाळा गोडाऊनमध्ये काढतात. पुठ्ठा हवेतली ओल ओढतो आणि मऊ पडतो, मग थप्पीतली खालची खोकी वजनानं बसतात. अशा वेळी ८ टक्के हा आकडा फार कमी ठरतो. विक्री वर्षभर एकसारखी नसेल, उन्हाळ्यात दुप्पट आणि पावसाळ्यात निम्मी होत असेल, तर वर्षाचा एकच हिशेब न करता हंगामाचा वेगळा करायला हवा, कारण हे सूत्र रोजची उचल सारखी धरून चाललं आहे. सहा हजार खोकी टेम्पोच्या एका खेपेत मावत नसतील, तर भाडंही दुप्पट धरावं लागेल.

दरपत्रकाचा अर्थही विचारून घ्यावा. आपण धरलं की तीन हजार घेतले की सगळ्याच नगांना साडेअठ्ठावीसचा भाव. काही ठिकाणी कमी भाव फक्त त्या पायरीपासून पुढच्या नगांना असतो. तसं असेल तर तीन हजारांच्या ऑर्डरमध्ये साडेअठ्ठावीसला मिळणारं खोकं एकच, तीन हजारावं. वरचं सगळं गणित तिथे लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती उधारीत. सोळाशेच्या ऑर्डरवर महिन्याची उधारी मिळत असेल आणि तीन हजारांची सूट मात्र रोखीवरच असेल, तर महिन्याची उधारी म्हणजे वर्षभर सरासरी २९,००० रुपये बिनव्याजी वापरायला मिळणं. बारा टक्क्यांनी त्याची किंमत ३,४८० रुपये. वाचणाऱ्या ४,१८९ मधून ते गेले की उरतात ७०९. आणि त्यासाठी दर वेळी ४५,६७५ ऐवजी ८५,५०० रुपये एकरकमी मोजायचे. अशा वेळी मी सोळाशेवरच राहीन.

उधारी दोन्हीकडे सारखी असेल, तर तीन हजारांची ऑर्डर द्यावी. विक्रेता सहा हजारांचा आग्रह धरत असेल, तर त्याच हिशेबातून त्याला आपला भाव सांगता येतो. सहा हजारांचा वर्षाचा खर्च तीन हजारांच्या ३,५२,९५० च्या खाली यायला खोकं किती रुपयांना हवं? वर्षाची १२ हजार खोकी, आणि पडून राहणाऱ्या तीन हजारांच्या किमतीचे २० टक्के म्हणजे आणखी ६०० खोक्यांची किंमत. मिळून १२,६०० खोक्यांची किंमत, अधिक खेपांचे १,२००. उलट भागाकार केला की भाव येतो २७ रुपये ९१ पैसे. त्यानं २७.९० लावला तर सहा हजार घ्यावेत, पण ओल न येणारी कोरडी जागा असेल तरच.