यादीत नाव नाही, हे कसं सांगायचं?

खो-खोच्या शालेय संघात बारा जणी, त्यातल्या मैदानात नऊ. चाचणीला मात्र तीस-पस्तीस मुली येतात. फळ्यावर यादी लागली की जिचं नाव नसतं ती यादी दोनदा वाचते, दुसऱ्यांदा खालून वर.

घरी गेल्यावर तिला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘सरांनी वशिला लावला असणार’ आणि ‘थोडक्यात हुकलं गं तुझं’. पहिल्यामुळे ती सरांकडे संशयाने बघायला लागते. दुसरं खोटं आहे हे तिलाच सर्वांत आधी कळतं, कारण चाचणीत कोण किती वेळा बाद झालं ते पोरींना तोंडपाठ असतं.

माझ्या ओळखीचे एक क्रीडाशिक्षक यादी लावण्याआधीच अशा मुलीला बाजूला बोलावतात आणि वहीच्या कागदावर चार ओळी लिहून देतात. सातवीतल्या एकीला त्यांनी लिहिलं होतं:

‘या वर्षी तू संघात नाहीस. पळतीत तू चांगली आहेस, तुला गाठायला दोघींना दम लागला. पण खो-खोत नऊही जणींना पाठलाग करावा लागतो. चाचणीत तू चार वेळा खो मिळायच्या आधीच उठलीस. हा पायांचा दोष नाही, कानांचा आहे. तू समोर पळणारीकडे बघतेस, मागून येणारा आवाज ऐकत नाहीस. मंगळवारी आणि शुक्रवारी सरावाला ये. वाईट वाटलं असेल तर एक दिवस उशिरा ये.’

खो आधी उठणं म्हणजे फाउल. शिट्टी वाजते, पाठलाग करणारीला उलट दिशेला वळावं लागतं आणि हाताशी आलेली धावक निसटते. म्हणून ‘अजून मेहनत कर’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘चार वेळा’ हा आकडा जास्त उपयोगी. तो कठोर वाटतो खरा, पण त्यात तिला काय बदलायचं ते दिसतं. जोडीदारणीने पाठीमागून कधीही खो द्यायचा आणि हिने डोळे मिटून बसायचं, एवढा सराव गल्लीतही होतो.

सरांनी एक वाक्य मुद्दाम टाळलं होतं: ‘पुढच्या वर्षी नक्की घेईन.’ शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालचा गट संपला की सतरा वर्षांखालचा सुरू होतो. पुढच्या वर्षी ती त्या गटात जाणार होती, आणि तिथे जागेसाठी नववी-दहावीच्या थोराड मुली असतात. असं वचन मोडलं तर सरांचं पुढचं कौतुकही तिला खरं वाटणार नाही.

मुलगी शुक्रवारी आली. चिठ्ठीबद्दल काही बोलली नाही, फक्त म्हणाली, ‘‘सर, पळतीत मी अडीच मिनिटं टिकले होते.’’

सरांनी वही उघडली. ‘‘दोन मिनिटं दहा सेकंद. बस खाली, पाठ माझ्याकडे कर.’’