पहिला पॅनकेक फसतोच का?

रविवार, मेस बंद आणि रूमवर मैदा, अंडं, दूध असं सगळं जमलंय. एक कप मैदा, पाऊण कप दूध, एक अंडं, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, एकेक मोठा चमचा साखर आणि वितळलेलं बटर, चिमूटभर मीठ. हलकेच कालवायचं. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत, फेटत बसलात तर पॅनकेक चिवट होतात. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. घोळ होतो तो तव्यावर!

आपल्याला भूक लागलेली असते आणि तवा मात्र अजून तयार नसतो. आच लागते तिथे तो तापतो, कडा थंडच. त्यात बटर सढळ हाताने सोडलेलं असतं. त्याची थारोळी साचतात, पीठ तिथे तळलं जातं आणि बाकीच्या जागी पांढुरकं राहतं. झाला चट्ट्यापट्ट्यांचा पॅनकेक. पण हाच बिचारा जास्तीचं बटर शोषून घेतो, तोवर तवाही सगळीकडून तापतो, म्हणून दुसरा एकसारखा सोनेरी येतो.

मग पहिल्याचा बळी न देता हे काम आधीच उरकायचं. मध्यम आचेवर तवा चार-पाच मिनिटं तापू द्या (नॉनस्टिक असेल तर आच मंद, आणि रिकामा फार वेळ नको). तेलाचे दोन थेंब टाकून टिश्यूने पुसून घ्या, नुसती चकाकी राहिली पाहिजे. घावनासाठी घरी कांद्याच्या फोडीने तेल फिरवतात, तीच आयडिया. फक्त गोड पॅनकेकला कांद्याचा वास कोण खाणार? आता पाण्याचे थेंब शिंपडा. जागेवर बसून उकळले तर थांबा. थरथरत इकडेतिकडे पळाले की पीठ ओता, पाव कप पुरे.

आता उलथनं हातात धरून नुसतं बघायचं. बेकिंग पावडरमुळे तयार झालेला वायू बुडबुड्यांनी वर येतो. सुरुवातीचे बुडबुडे फुटतात आणि त्यांची भोकं लगेच बुजतात, कारण वरचं पीठ अजून पातळ असतं. बुडबुडे दिसले की झालं, असं समजून इथेच बरेच जण उलटतात आणि पीठ तवाभर पसरतं. खरी खूण पुढची आहे: भोकं उघडीच राहतात, आंबोळीला पडते तशी जाळी दिसते आणि कडांची ओली चमक जाते. साधारण दोन मिनिटं लागतात. मग एकदाच उलटा. दुसऱ्या बाजूला मिनिटभर बास, आणि वरून दाबू नका, आतली हवा जाईल. ती बाजू पहिलीइतकी सुरेख दिसत नाहीच, भोकांमुळे ती तव्याला सलग टेकत नाही. ती ताटात खाली ठेवायची.

या खुणेला एकच गोष्ट दगा देते, ती म्हणजे आच. मोठ्या आचेवर भोकं उघडायच्या आत खालून करपतं, म्हणून मिनिटभराने कड उचलून बघा. तीन-चार पॅनकेक झाल्यावर तवा आणखी तापलेला असतो, तेव्हा गॅस थोडा कमी करायचा.